अँकर दुकान बंद पडल्यावर भाडे कमी करून घेताना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या हरभट रोडवरच्या आमच्या जुन्या दुकानात पाणी शिरले, आणि लहान मुलांच्या कपड्यांचा व्यवसाय नदीपासून लांब न्यायचा असे घरात ठरले. विश्रामबागच्या बाजूला एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर आठशे चौरस फुटांचा गाळा मिळत होता. मालकाने चौरस फुटाला ७५ रुपये, म्हणजे महिन्याला ६०,००० रुपये लायसन्स फी सांगितली. एवढे भाडे आमच्यासारख्या दुकानाला परवडते ते एकाच कारणाने. तळमजला आणि पहिला मजला मिळून बावीस हजार चौरस फूट जागेत एक मोठे दुकान चालत होते. खाली किराणा आणि वर कपडे. मिरजेपासून कवठेमहांकाळपर्यंतची कुटुंबे महिन्याच्या सामानासाठी तिथे येत आणि वरच्या मजल्यावरून परतताना आमच्या दारावरून जात. आमचा मालक आम्हाला गाळा भाड्याने देत असला, तरी आम्ही खरे पैसे मोजत होतो ते त्या दुकानाच्या गर्दीचे.

हीच गोष्ट माझ्या दिरांनी आमच्या वकीलसाहेबांना सांगितली, तेव्हा त्यांनी को-टेनन्सीचे कलम करारात घालण्याचा आग्रह धरला. कलमाचा गाभा थोडक्यात सांगता येतो: मॉलमधले मुख्य, म्हणजे अँकर, दुकान बंद झाले, तर ठरावीक मुदतीनंतर लहान दुकानदाराने पूर्ण भाड्याऐवजी कमी, पर्यायी भाडे द्यायचे, आणि ती स्थिती लांबली, तर त्याला गाळा सोडण्याची मुभा असायची. करारात असे काही लिहिलेले नसेल, तर अँकर गेल्यामुळे आपोआप कोणतीही सवलत मिळत नाही. मालकाने गाळा आपल्या ताब्यात दिलेला असतो, आणि शेजारचे दुकान चालू ठेवण्याची हमी त्याने कुठेच दिलेली नसते.

मालकाने पहिल्या बैठकीत हे कलम सरळ नाकारले. त्यांच्या हिशेबनीसांनी चहा पिताना जे सांगितले, ते मात्र मला पटले. मॉलवर बँकेचे कर्ज होते आणि ते दुकानांच्या भाड्याच्या करारांवरच उचललेले होते. बँक दर वर्षी करारांतली निश्चित रक्कम मोजत असे. अँकर गेल्यावर त्याचे भाडे तर बुडणारच, वर त्याच महिन्यात बाकीच्यांचेही भाडे कमी झाले, तर हप्ता कुठून भरायचा, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून आम्ही भाडे शून्यावर आणण्याची मागणी कधीच केली नाही. आम्ही छत्तीस महिने गाळा न सोडण्याचे बंधन मान्य केले, त्याबदल्यात त्यांनी कलम मान्य केले, आणि मग खरी रस्सीखेच कलमातल्या एकेका शब्दावर झाली.

पहिला वाद पर्यायी भाडे किती, यावर होता. वकीलसाहेबांनी निव्वळ विक्रीच्या, म्हणजे जीएसटी वगळून आलेल्या विक्रीच्या, ८ टक्के हा आकडा सुचवला. तो हवेतून आलेला नव्हता. साडेसात लाखांच्या मासिक विक्रीचा आमचा अंदाज होता, आणि ६०,००० रुपये ही तिची बरोबर ८ टक्के रक्कम होते. अँकर असताना विक्रीच्या जेवढ्या हिश्श्यात भाडे बसते, तेवढाच हिस्सा अँकर गेल्यावर द्यायचा, असा त्यामागचा विचार होता. मालकाने त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले. विक्री कितीही पडली, तरी ३०,००० रुपयांच्या खाली जायचे नाही, आणि कितीही वाढली, तरी ६०,००० च्या वर मागायचे नाही. शिवाय खरोखर नुकसान झाले असेल तरच सवलत मिळावी, यासाठी सलग तीन महिन्यांची विक्री किमान २० टक्क्यांनी घटलेली असली पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. तुलना आधीच्या तीन महिन्यांशी करावी असे त्यांच्या मसुद्यात होते. ते आम्ही बदलून घेतले, कारण लहान मुलांच्या कपड्यांचा धंदा दिवाळी, ईद आणि लग्नसराईवर चालतो. पावसाळ्याची तुलना लग्नसराईशी केली, तर घट अँकरशिवायही दिसेल, आणि दिवाळीची तुलना पावसाळ्याशी केली, तर खरी घटसुद्धा दिसणार नाही. तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी, असे शेवटी ठरले.

दुसरा वाद अधिक महत्त्वाचा निघाला. अँकर ‘गेला’ म्हणजे नेमके काय? मालकाच्या मसुद्यात ‘अँकरचा करार संपुष्टात आल्यास’ असे शब्द होते. वकीलसाहेबांनी ते खोडून ‘अँकर आपल्या जागेच्या किमान ८० टक्के क्षेत्रात ग्राहकांसाठी खुला राहून प्रत्यक्ष व्यवसाय करीत नसल्यास’ असे लिहिले. अशी मोठी दुकाने अनेकदा माल हलवतात, शटर ओढतात, पण करार लगेच मोडत नाहीत. मुदत संपेपर्यंत भाडे भरत राहतात. त्या काळात कागदावर अँकर हजर असतो आणि मॉलमध्ये माणूस नसतो. कराराच्या जोडपत्रात दोन्ही मजल्यांचा नकाशा आणि क्षेत्रफळ जोडले गेले: तळमजला १२,००० आणि पहिला मजला १०,००० चौरस फूट. त्या वेळी मला हा नकाशा निव्वळ उपचार वाटला होता. पुढे सगळा वाद त्याच दोन आकड्यांवर सुटला.

बाकीच्या अटी अशा होत्या: अँकर सलग तीस दिवस बंद राहिला, तर दुकानदाराने लेखी नोटीस द्यायची; नोटिशीपासून नव्वद दिवसांत मालकाने दुसरा अँकर आणायचा, आणि तो न आल्यास पुढच्या दिवसापासून पर्यायी भाडे सुरू व्हायचे. दुसरा अँकर म्हणजे किमान तीन वर्षांच्या कराराने आलेला, एकाच चालकाचा, मूळ क्षेत्राच्या निदान ७५ टक्के जागा व्यापणारा व्यवसाय. नूतनीकरणासाठी अँकर बंद असेल, तर साठ दिवसांपर्यंत ते बंद धरायचे नाही, पण पुन्हा उघडण्याची तारीख लेखी दिलेली असली पाहिजे. दुकानदाराचे स्वतःचे दुकान चालू हवे आणि त्याच्याकडे काही थकबाकी नको. पर्यायी भाडे जास्तीत जास्त बारा महिने चालेल. त्यानंतर दुकानदाराने साठ दिवसांच्या नोटिशीने गाळा सोडायचा किंवा पूर्ण भाड्यावर परत यायचे. ही मुदत मालकाच्या बँकेमुळे आली, आणि तिच्याशिवाय त्यांनी सहीच केली नसती. छत्तीस महिन्यांचे बंधन या नोटिशीला आड येणार नाही, हे मात्र आम्ही स्वतंत्र वाक्यात लिहून घेतले, कारण एक कलम जाऊ देते आणि दुसरे अडवते, असे झाले की भांडण ठरलेलेच.

सही होण्याआधी मालकाने एक सोपा मार्ग सुचवला होता: मूळ करार नेहमीच्या नमुन्यात नोंदवू आणि हे कलम वेगळ्या पत्रावर देऊ, म्हणजे बँकेच्या नजरेला पडणार नाही. वकीलसाहेबांनी तो तिथेच थांबवला. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि एकदा दस्त नोंदवला की त्याच्याशी विसंगत असा बिननोंदणीचा कागद पुराव्यात टिकवणे अवघड जाते. साठ महिन्यांचा करार या कलमासह दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला गेला.

प्रत्यक्ष प्रसंग आला तो तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये. १ तारखेला सकाळी सरकत्या जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती आणि ‘नूतनीकरणासाठी वरचा मजला बंद’ असा फलक लावलेला होता. नूतनीकरण असते, तर प्लायवूड, रंगाचे डबे, सुतार दिसले असते. इथे मात्र मागच्या दारी टेम्पो उभा होता आणि कपड्यांचे लोखंडी स्टँड सुटे करून त्यात भरले जात होते. आरसेसुद्धा कापडात गुंडाळून नेले. दिरांनी फलकाचे, दोरीचे आणि टेम्पोचे फोटो काढले, आणि त्यानंतर दर सोमवारी त्याच जागेवरून, मॉलच्या भिंतीवरचे घड्याळ येईल अशा बेताने फोटो काढण्याचा नेम ठेवला. मी मॉलच्या व्यवस्थापकांना एक साधा ईमेल पाठवला: वरचा मजला पुन्हा कधी उघडणार, ते कृपया कळवावे, म्हणजे आम्हाला लग्नसराईच्या मालाची मागणी ठरवता येईल. त्यांचे उत्तर आले की, तारीख अद्याप ठरलेली नाही. या एका ओळीने नूतनीकरणाची सूट निकालात निघाली, कारण सूट मिळण्यासाठी तारीख लेखी असणे आवश्यक होते.

तळमजल्यावरचा किराणा विभाग तेव्हा चालूच होता, त्यामुळे मॉलमधले बहुतेक दुकानदार थांबून पाहत होते. आमच्या कलमाप्रमाणे थांबण्याचे कारण नव्हते. बावीस हजारांपैकी बारा हजार चौरस फूट खुले, म्हणजे साधारण ५४ टक्के. ८० टक्क्यांची अट १ एप्रिललाच मोडली होती. तीस दिवस ३० एप्रिलला पूर्ण झाले, १ मे ची सुटी गेली, आणि २ मे रोजी नोटीस पाठवली. मुदत नोटिशीपासून मोजायची असल्यामुळे उशिराचा प्रत्येक दिवस आमच्याच खिशातून गेला असता. करारात नोटिशीसाठी मालकाचा जो पत्ता लिहिला होता, तिथले कार्यालय त्यांनी मध्यंतरी हलवले होते. तरीही नोटीस करारातल्या पत्त्यावर, नव्या पत्त्यावर आणि करारात दिलेल्या ईमेलवर अशी तिन्हीकडे पाठवली. जुन्या पत्त्यावरचे पाकीट परत आले, ते न उघडता फाइलला लावले.

नोटिशीत भावना काढून टाकण्यावर वकीलसाहेबांचा भर होता. धंदा बसला, आमचे कसे व्हायचे, असे काही लिहायचे नाही. कोणते कलम, अँकरचे क्षेत्र किती, त्यातले बंद किती, कोणत्या तारखेपासून, आणि नव्वद दिवस कोणत्या तारखेला संपतात, एवढेच त्यात होते. शेवटची तारीख ३१ जुलै लिहिली आणि १ ऑगस्टपासून पर्यायी भाडे लागू होईल, असे कळवले.

मे महिन्यात मालकाकडून पहिला डाव पडला, आणि तो अपेक्षेपेक्षा हुशारीचा होता. जनरेटरच्या डिझेलचा आदल्या वर्षीचा फरक म्हणून ४,३०० रुपयांचे एक बिल आले आणि सोबत पत्र, की थकबाकी असल्यामुळे कलमाचा लाभ घेता येणार नाही. बिल आम्ही यापूर्वी कधी पाहिले नव्हते. दीर चिडले, म्हणाले, “वहिनी, एक पैसा द्यायचा नाही, आधी हिशेब मागा.” वकीलसाहेबांनी त्यांना शांत केले आणि रक्कम त्याच दिवशी, हक्क राखून, हिशेब मागणाऱ्या पत्रासह भरायला लावली. रक्कम खरी की खोटी हा वाद नंतर घालता येतो. थकबाकीदार हा शिक्का मात्र एक दिवसही अंगावर राहू देता येत नाही. हिशेब कधी आलाच नाही.

जूनच्या मध्याला तळमजलाही बंद झाला. मग जुलैमध्ये मालकाने वरच्या रिकाम्या हॉलमध्ये हातमाग आणि चादरींचे प्रदर्शन भरवले आणि जागा भरली, असे पत्र दिले. प्रदर्शनाला गर्दी चांगली होती, हे मान्य करायला हवे. त्या पंधरवड्यात आमची विक्रीसुद्धा थोडी वर आली. पण पंधरा दिवसांची स्टॉलची परवानगी म्हणजे तीन वर्षांच्या कराराने आलेला एकच चालक नव्हे. दुसऱ्या अँकरची व्याख्या करारात नसती, फक्त ‘पर्यायी व्यवसाय’ एवढेच शब्द असते, तर हे पत्र खोडून काढणे कठीण गेले असते, असे मला आजही वाटते.

यानंतर त्यांच्या वकिलांचे सविस्तर उत्तर आले. त्यात दोन मुद्दे होते. पहिला असा की, अँकर खऱ्या अर्थाने बंद झाला तो जूनमध्ये, म्हणून सगळ्या मुदती तिथून मोजाव्यात. तसे झाले असते, तर पर्यायी भाडे १ ऑगस्टऐवजी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले असते. त्याला नकाशा आणि ८० टक्क्यांचे गणित पुरेसे होते. दुसरा मुद्दा कायद्याचा होता. भाडे निम्म्यापर्यंत कमी करणे हा मालकाला लावलेला दंड आहे, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय दंडाची रक्कम जशीच्या तशी देत नाही, वाजवी भरपाईच देते, असे त्यांचे म्हणणे होते.

आमच्या वकीलसाहेबांचे उत्तर मला फार स्वच्छ वाटले. कलम ७४ लागू होते ते कोणी करार मोडला असेल तेव्हा. इथे मालकाने काहीच मोडलेले नव्हते. अँकर चालू राहीलच, असे वचन त्यांनी दिलेले नव्हते. दोघांनी मिळून दोन भाडी ठरवली होती, एक अँकर असतानाचे आणि एक नसतानाचे, आणि कोणते लागू व्हायचे, ते एका बाहेरच्या घटनेवर सोडले होते. घटनेवर अवलंबून असलेल्या अशा करारांची व्याख्या त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. त्यांनी अमेरिकेतल्या दोन निकालांचाही उल्लेख केला, आपल्याकडे ते बंधनकारक नाहीत, हे सांगूनच. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये रॉस या कपड्यांच्या दुकानाची भाडेमाफी दंड ठरवली होती. तिथे मर्व्हिन्स नावाचे अँकर दुकान बंद म्हणून रॉसने आपले दुकान उघडलेच नाही आणि भाडे शून्य झाले. माफ झालेले भाडे आणि दुकानदाराचे अपेक्षित नुकसान यांचा मेळ न्यायालयाला दिसला नाही. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मात्र जो-अॅन या कापड आणि हस्तकलेच्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. त्या करारात अँकर नसताना महिन्याला १२,००० डॉलर किंवा विक्रीच्या साडेतीन टक्के, यांतली मोठी रक्कम द्यायची होती. हा दंड नसून करार पार पाडण्याचा दुसरा ठरलेला मार्ग आहे, असे न्यायालयाने धरले. आमच्या कलमात शून्याची मागणी नव्हती, विक्रीशी जोडलेला टक्का होता आणि घट दाखवण्याची अटही होती. मालकाने स्वतःच्या रक्षणासाठी घातलेल्या अटींनीच त्यांचा दंडाचा मुद्दा लंगडा केला होता. प्रकरण विजयनगरच्या कोर्टापर्यंत गेले नाही.

विक्रीची परीक्षा त्यामानाने सरळ पार पडली. मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांची आदल्या वर्षीची सरासरी साडेसात लाख होती, या वर्षीची पाच लाख चाळीस हजार. घट २८ टक्के. आकडे आमच्या सीएंनी जीएसटीच्या विवरणपत्रांशी ताडून प्रमाणित केले. आमच्या जीएसटी नोंदणीखाली हरभट रोडचे गोदामही येते आणि तिथून किरकोळ दुकानदारांना थोडी घाऊक विक्री होते. ती वेगळी काढल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नव्हते. मॉलमधली बिले सुरुवातीपासून वेगळ्या क्रमांकमालिकेत होती, म्हणून ते दोन दिवसांत झाले.

ऑगस्टची विक्री ४,८०,००० झाली, तिचे ८ टक्के ३८,४००. सप्टेंबरची ५,१०,०००, म्हणजे ४०,८००. आणि मग दिवाळीच्या महिन्यात विक्री नऊ लाखांवर गेली. ८ टक्के ७२,००० होतात, म्हणून वरच्या मर्यादेने पूर्ण ६०,००० द्यावे लागले. आदल्या वर्षी त्याच महिन्याची विक्री तेरा लाख होती, म्हणजे नुकसान तर मोठे होते, पण सवलत शून्य. हिशेब दर महिन्याचा असल्यामुळे असे घडले. तो तिमाही किंवा वार्षिक असता, तर दिवाळीचा चांगला महिना इतर महिन्यांत मिसळला गेला असता, पण मग वाईट महिन्यांची सवलतही पातळ झाली असती. आमच्या धंद्याला कोणता प्रकार बरा, हे मी पुढच्या बारा महिन्यांचे आकडे मांडून पाहिले आणि फरक फार निघाला नाही. फेब्रुवारीत विक्री ३,४०,००० वर आली, तेव्हा ८ टक्के २७,२०० होत होते, पण खालच्या मर्यादेप्रमाणे ३०,००० भरले.

भाडे कमी झाले, तरी त्याचे कागद कमी होत नाहीत, हे आम्हाला सीएंनी शिकवले. मालकाच्या कार्यालयातून ऑगस्टचे बिल नेहमीप्रमाणे ६०,००० आणि १८ टक्के जीएसटी, असे आले. आपण ३८,४०० भरून मोकळे झालो, तर २१,६०० आणि त्यावरचा ३,८८८ रुपये कर त्यांच्या खात्यात आमच्या नावावर येणे दिसत राहतो. तीच थकबाकी पुढे आमच्याविरुद्ध वापरता येते. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण रक्कम दिली नाही, तर न दिलेल्या भागावर घेतलेले कराचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. बिल पूर्ण रकमेने नोंदले की टीडीएसही पूर्ण रकमेवरच कापावा लागतो. म्हणून मालकाकडून २५,४८८ रुपयांची क्रेडिट नोट घेणे हाच मार्ग होता. ती ऑक्टोबरमध्ये मिळाली, आणि त्यानंतर दोघांच्या सोयीसाठी असे ठरले की, पर्यायी भाड्याच्या काळात बिल महिन्याच्या सुरुवातीला न काढता पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, विक्रीचा तक्ता हाती आल्यावर, खऱ्या रकमेचेच काढायचे.

एका गोष्टीत मात्र कलमाने आम्हाला काहीच दिले नाही: मेंटेनन्स. को-टेनन्सी कलमाने सहसा फक्त भाडे कमी होते, सामाईक खर्चाचा वाटा नाही. आमचे नशीब, की करारात हा वाटा मॉलच्या एकूण साठ हजार चौरस फुटांवर मोजायचा होता, ती जागा भरलेली असो वा रिकामी. सहा लाखांच्या मासिक खर्चावर आम्हाला फुटाला दहा रुपये पडत. अँकर गेल्यावर वातानुकूलन आणि सरकते जिने अर्धवेळ बंद ठेवले गेले, खर्च पाच लाख चार हजारांवर आला आणि आमचा वाटा ८ रुपये ४० पैसे झाला. शेजारी पाचशे चौरस फुटांचे चपलांचे दुकान होते. त्यांच्या करारात खर्च फक्त भरलेल्या जागेवर वाटायचा होता. भरलेली जागा पन्नास हजारांवरून अठ्ठावीस हजारांवर आली, आणि त्यांचे मेंटेनन्स बारा रुपयांवरून अठरा रुपयांवर गेले. म्हणजे गिऱ्हाईक घटले आणि महिन्याचे बिल सहा हजारांचे नऊ हजार झाले. त्यांना को-टेनन्सीचे कलमही नव्हते. मालकाने त्यांना तीन महिने भाड्यात दहा टक्के सूट दिली, ती केवळ मर्जीची होती आणि नंतर थांबली.

पर्यायी भाड्याचे दहा महिने झाले, तेव्हा मालकाने नवा प्रस्ताव आणला. तळमजल्याच्या बारा हजारांत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे एक मोठे दुकान पाच वर्षांच्या कराराने येत होते आणि वरच्या मजल्यावर सहा हजारांत एक जिम. दोन्ही मिळून अठरा हजार, म्हणजे मूळ क्षेत्राच्या जवळजवळ ८२ टक्के. पण चालक एक नव्हता, आणि फ्रीज घ्यायला आलेले गिऱ्हाईक महिन्याच्या किराण्याच्या गिऱ्हाइकासारखे परत परत येत नाही. कलमाच्या अक्षराप्रमाणे हा दुसरा अँकर नव्हता. दुसरीकडे, दोन महिन्यांनी आमची बारा महिन्यांची मुदत संपणार होती, आणि त्यानंतर एक तर गाळा सोडायचा किंवा पूर्ण साठ हजार भरायचे, एवढेच पर्याय उरणार होते. मालकालाही ते ठाऊक होते. रिकामा गाळा त्यांच्या बँकेला चालला नसता आणि फर्निचरवर खर्च केलेला असताना तो सोडणे आम्हाला परवडले नसते.

शेवटी दोन्ही बाजूंनी थोडे सोडले. दोन चालकांना मिळून दुसरा अँकर मानायला आम्ही तयार झालो, आणि मालकाने उरलेल्या मुदतीसाठी लायसन्स फी ६०,००० ऐवजी ५०,००० वर आणली. कलम रद्द न करता नव्याने लिहिले: आता अँकर म्हणजे हे दोन व्यवसाय, आणि त्यांतला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बंद पडला, तर जिम चालू असली तरी ८ टक्क्यांचे कलम लागू होईल, कारण जिमच्या सभासदांपैकी मुलांचे कपडे घेणारे आम्हाला तरी अजून फार भेटलेले नाहीत. खालची मर्यादा ३०,००० ची २५,००० झाली, बारा महिन्यांची मुदत तशीच राहिली, आणि नोटिशीसाठी मालकाचा नवा पत्ता लिहिला गेला. पुरवणी दस्त जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला. दोन्ही मजल्यांचे नवे नकाशे, क्षेत्रफळासह, त्याला जोडलेले आहेत.